अण्णांचं बोट

दिवाळीच्या सुट्टीत लातूरला पोचले तेव्हा अण्णा बँकेतून नुकतेच परतले होते. ओसरीवरच्या खुर्चीत बसून उजव्या हाताची तर्जनी उजेडाकडं धरून बघत होते. बोटात काटा मोडल्यावर माणूस बघतो तसं.

"काय झालं अण्णा?"

"बोट चालंना म्हणे माझं."

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीचा महिना. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सरकारला कळवायचं असतं, नाहीतर पेन्शन थांबते. अण्णांनी मशीनवर तीन वेळा अंगठा दिला, मग तर्जनी, मग डावा हात. मशीन दरवेळी लाल झालं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "आजोबा, बोटं कोरडी पडलीत तुमची, रेघाच उठंनात. घरी स्मार्टफोन असंल तर चेहऱ्यावरून होतंय बघा." तो पोरगा चांगलाच वागला होता, पण अण्णांच्या डोक्यात फक्त पहिलं वाक्य बसलं होतं.

"एकोणचाळीस वर्षं ह्याच बोटावर घर चाललं," ते म्हणाले, "आन् आता म्हणे रेघा नाहीत."

अण्णा तारमास्तर होते. १९६७ साली खात्यात लागले आणि २००६ साली निवृत्त झाले. मधल्या काळात टेलिप्रिंटर आले, संगणक आले, खात्याचं नावही बदललं. पण गल्लीत अजून कुणी घर विचारलं तर 'तारमास्तरांचं' असंच सांगतात. तार मात्र १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. त्या दिवशी अण्णा काही बोलले नाहीत. आईच्या म्हणण्याप्रमाणे नेहमीपेक्षा एक भाकरी कमी खाल्ली, एवढंच.

फोन घरात होता. पुण्याहून धाकट्या भावानं दसऱ्याला पाठवलेला, खोक्यासकट देवळीत ठेवलेला. मी बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते. पोरांना विद्युतक्षेत्र शिकवणाऱ्या बाईला बापाला फोन शिकवायला कितीसा वेळ लागेल? दोन दिवस, असा माझा अंदाज. इथं एक सांगून टाकते. ज्या बोटाला धरून मी चालायला शिकले त्याच बोटाला, वगैरे मी लिहिणार नाही. खरं तर मला चालायला आजीनं शिकवलं.

पहिल्या दिवशी अण्णांनी शाळकरी वही काढली. वर तारीख घातली आणि मी सांगेन ते मुद्देसूद लिहून घेतलं. 'हिरवा गोल, त्यात फोनचं चित्र. एकदा दाबणे.' अक्षर मोत्यासारखं. मग त्यांनी हिरवा गोल दाबला. गोल उघडला नाही, फुगला, आणि त्याच्या डोक्यावर एक पाटी आली. त्यावर दोन-तीन ओळी. अण्णांना वाटलं, काहीतरी विचारतोय तर उत्तर द्यावं. त्यांनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हिरवा गोल पडद्यावरून नाहीसा झाला.

"गेला," अण्णा म्हणाले. "मी काही केलं नाही."

मी फोन त्यांच्या हातातून घेतला, गोल परत आणला, फोन परत दिला. पाच मिनिटांनी गोल दुसऱ्या पानावर जाऊन बसला. मी पुन्हा फोन घेतला. दिवसभरात किती वेळा 'असं नाही अण्णा, द्या इकडं' म्हणाले ते मोजलं नाही, पण संध्याकाळी आई म्हणाली, "फोन कोण शिकूलालंय, तू का ते?"

त्यातही आईला सगळं येत होतं हे वेगळंच. शेजारणीच्या फोनवर कीर्तनं बघून बघून ती तयार झालेली. पिठाच्या बोटानं टिचकी मारल्यासारखं करायची आणि महाराज चालू. अण्णांनी तिच्याकडून शिकावं असा विचार माझ्या मनात आला होता. पन्नास वर्षांचा संसार बघता तो बोलून दाखवला नाही.

तिसऱ्या दिवशी मोठा घोळ झाला. आमच्या भावकीचा व्हाट्सॲपवर ग्रुप आहे. त्यावर उदगीरकडच्या एका लांबच्या काकांच्या निधनाची बातमी आली. अण्णा ती वाचत होते. बारीक अक्षर, म्हणून ओळ चुकू नये यासाठी मजकुरावर बोट टेकवून, पेपर वाचताना ठेवतात तसं. बोट जरा वेळ टेकलं की व्हाट्सॲप मजकुराच्या वर चेहऱ्यांची एक ओळ काढतं: अंगठा, बदाम, हसरा, चकित, रडका, नमस्कार. अण्णांच्या वाचनाच्या मध्येच ही ओळ आली. ती बाजूला सारायला त्यांनी बोट फिरवलं. पुढच्या वीस मिनिटांत पुण्याहून भावाचा फोन. "ताई, अण्णांनी काकाच्या मयतीवर हसरं तोंड टाकलंय. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारं."

ते काढता येतं. त्याच चेहऱ्यावर पुन्हा बोट लावलं की निघतं. मी काढलंही, पण तोवर बघायचं त्यांनी बघितलं होतं. अण्णांनी उदगीरला स्वतः फोन लावला, जुन्या बटणाच्या फोनवरून, आणि चुलत भावाशी दहा मिनिटं बोलले. मग नवा फोन खोक्यात घातला, खोकं देवळीत ठेवलं आणि वही मिटली.

"राहू दे माय," मला म्हणाले. "मला येणार नाही हे."

त्या रात्री जेवणानंतर लाइट गेली. आम्ही तिघं ओसरीवर अंधारात बसलो होतो. अण्णांच्या खुर्चीच्या लाकडी हातावर त्यांचं बोट वाजत होतं. हे काही नवीन नव्हतं. लहानपणापासून मी तो आवाज ऐकत आले. अण्णा विचारात असले की बोट वाजतं, आणि आई विचारते, "आता कुणाला तार करूलालाव?" त्या रात्री अंधारामुळं फक्त आवाजच होता, म्हणून मी तो पहिल्यांदा नीट ऐकला. टकटक नव्हती ती. आखूड आणि लांब ठोके, मध्ये नेमकी जागा सोडलेली, पावसाच्या थेंबांसारखी भरभर.

एवढं चपळ बोट काचेवर गेल्यावर दगडासारखं का होतं?

हा प्रश्न मला तिसऱ्या दिवशी पडला. पहिल्या दिवशी पडायला हवा होता. पोरांची चुकलेली उत्तरं तपासताना मी आधी बघते की पोरगं कुठल्या पायरीवर घसरलं. बापाच्या बाबतीत मात्र 'वय झालं' एवढं उत्तर मला पुरलं होतं.

मी विचारलं, "अण्णा, तारेची की कशी होती? सगळं सांगा."

त्यांनी सांगितलं. पितळी पट्टी, एका टोकाला काळी मूठ. खाली स्प्रिंग. मूठ दाबली की पट्टी किंचित खाली जाते, दोन टोकं भेटतात, वीज वाहते. ती जागा किती ठेवायची ते ज्याचं त्यानं स्क्रूनं जुळवायचं; नवीन माणसाला जास्त लागते, मुरलेल्याला कागद जाईल एवढी पुरते. दाबल्याचं बोटाला कळतं आणि त्याच क्षणी साउंडर वाजतो, म्हणजे कानाला कळतं. सोडलं की पुन्हा वाजतो. दोन आवाजांच्या मधली वेळ कमी असली तर डॉट, तिप्पट असली तर डॅश. कचेरीत गलका असला की साउंडरच्या मागं सिगारेटचा पत्र्याचा डबा अडकवायचे. ठोका डब्यात घुमायचा आणि गलक्यातूनही आपला आवाज बरोबर ओळखू यायचा.

"आन् ह्या फोनला?" अण्णा म्हणाले. "काच ती काच. दाबलं तर खाली जाईना, वाजंना. मला कसं कळावं दाबलं गेलं का नाही? मग मी दाबून धरतो. काहीतरी होईस्तोवर."

काहीतरी होईस्तोवर! सगळं त्या दोन शब्दांत होतं.

अंधारातच मी त्यांचा वेग विचारला. उमेदीत मिनिटाला वीस शब्द, म्हणाले. मोर्सचं, म्हणजे तारेच्या ह्या डॉट-डॅशच्या लिपीचं, गणित सोपं आहे. वीस शब्दांच्या वेगाला एका सेकंदाचे हजार भाग केले तर डॉट साठ भागांचा, डॅश एकशे ऐंशीचा. फोनमध्ये बोट साधारण पाचशे भाग, म्हणजे अर्धा सेकंद टेकून राहिलं की त्याला 'दाबून धरलं' म्हणतात, आणि त्याचा अर्थच निराळा होतो. नुसती टिचकी म्हणजे 'उघड'. दाबून धरणं म्हणजे 'ह्याचं काय करू ते विचार'. अण्णांना दिसलेला फुगलेला गोल, पाटी, चेहऱ्यांची ओळ ही सगळी त्या दुसऱ्या अर्थाची पिल्लं.

"म्हणजे तुमचा डॅशसुद्धा फोनच्या हिशोबानं टिचकीच," मी म्हणाले. "त्याच्या जवळजवळ तिप्पट थांबलात तरच तो दाबून धरलं म्हणतो."

अंधारात जरा वेळ काही आवाज आला नाही.

"मग लई मंद आहे की तो," अण्णा म्हणाले.

लाइट आल्यावर खोकं पुन्हा खाली आलं. पण माझ्या डोक्यात अजून एक गाठ होती. त्यांनी मुळात दाबून धरायला सुरुवात का केली? पहिल्याच टिचकीला फोन उघडला असता तर ही सवय लागलीच नसती. मी त्यांना काचेवर हलकी टिचकी मारायला सांगितली. दहापैकी चार वेळा फोननं दखलच घेतली नाही. त्याच जागी माझ्या टिचकीला दहाच्या दहा वेळा उघडला.

बँकेतलं मशीन आणि हा फोन एकच तक्रार करत होते. बोट कोरडं. हे मी अण्णांना वहीत चित्र काढून समजावलं, कारण त्यांना वीज कळते आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांपेक्षा बरी कळते. काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या तारांची जाळी असते. तिच्यावर सतत बारीकसा विद्युतभार खेळवलेला असतो. आपल्या अंगात पाणी आणि क्षार, म्हणून बोट जवळ आलं की ते त्यातला चिमूटभर भार ओढून घेतं. कुठं ओढला गेला ते फोन मोजतो. जोराचा इथं काही संबंध नाही. नखानं कितीही ठोका, फोनला पत्ता लागत नाही. पण वयानं कातडी कोरडी आणि टणक झाली की भार कमी ओढला जातो, आणि हलकी टिचकी फोनच्या मोजणीत येतच नाही. मग माणूस जोरानं दाबतो. जोरानं दाबल्यावर बोटाचं टोक पसरतं, काचेला जास्त कातडी लागते, आणि फोनला कळतं. म्हणून माणसाला वाटतं की जोर लावल्यानं चाललं. पुढच्या वेळी तो आधीच जोर लावतो, धरून ठेवतो, आणि अर्धा सेकंद उलटून जातो.

"जोराचा संबंध नाही कशावरून?" अण्णा. पुराव्याशिवाय ऐकणारा माणूस नाही.

मी आईकडून काकडीचा तुकडा आणला. काकडीत पाणी असतं आणि ती आपल्या हातात असते, एवढं पुरतं. काकडीचं ओलं टोक मी हिरव्या गोलाला अलगद लावलं. गोल उघडला. अण्णांनी काकडी घेतली, त्यांनीही उघडला. मग बंद करून पुन्हा उघडला. मग पेनच्या टोपणानं जोरात दाबून बघितलं, काही झालं नाही. रात्री साडेनऊला लातुरातला एक माजी तारमास्तर काकडीनं व्हाट्सॲप उघडत बसला होता आणि आई दारात उभी राहून म्हणत होती, "मीठ लावून देऊ का?"

मग चार गोष्टी केल्या. फोनच्या सेटिंगमध्ये `Accessibility` नावाचं घर असतं, मराठीत केला तर 'सुलभता'सारखं काही दिसेल. त्यात `Touch & hold delay`. किती वेळ टेकलं म्हणजे दाबून धरलं समजायचं ते तिथं ठरवता येतं. मी सर्वांत लांब निवडलं. त्यांच्या फोनवर ते दीड सेकंद आहे. फोनफोनांगणिक थोडाफार फरक पडेल. म्हणजे बोट आता तिप्पट वेळ रेंगाळलं तरी ती टिचकीच. दुसरं, आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पर्शाचा आवाज आणि थरथर चालू केली. आपण तरुण माणसं हे सगळ्यात आधी बंद करतो, कारण टकटक कानाला टोचते. भावानंही फोन पाठवताना बंद करूनच पाठवला होता, मोठ्या प्रेमानं. तिसरं, दुकानदारानं चिकटवलेली जाड काच काढून टाकली. बोट आणि जाळीमधलं अंतर वाढलं की सुकलेल्या बोटाचं काम अजून अवघड होतं. फोन पडला तर फुटेल, हे मान्य. काही फोनमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोय असते, तीही ह्यात होती, केली.

चौथी गोष्ट अण्णांनी केली. मी म्हणाले होते, बोट किंचित ओलसर पाहिजे. भिजलेलं नको, थेंब काचेवर पडला तर फोनला दोन बोटं वाटतात. ते उठले, आतल्या खोलीत जाऊन पत्र्याच्या पेटीत खुडबुड केली आणि एक निळी प्लास्टिकची वाटी घेऊन आले. तिच्यात वाळून कडक झालेला स्पंज. तिकिटं ओली करायला, नोटा मोजायला प्रत्येक काउंटरवर असायचा तो. पाणी घातल्यावर तो हळूहळू फुगला. अण्णांनी स्पंजाला बोट टेकवलं, धोतराला पुसलं, आणि हिरव्या गोलावर टिचकी मारली.

टक्.

उघडला.

"हां," अण्णा म्हणाले. "आता वाजला."

दुसऱ्या दिवसापासून मी फोन त्यांच्या हातातून घेणं बंद केलं. आपोआप जमलं नाही. मी हात मांडीखाली घालून बसत होते. चुकलं तर तोंडानं सांगायचं, तेही त्यांनी विचारल्यावर. वहीतली पहिली दोन पानं त्यांनी स्वतःच खोडली. 'एकदा दाबणे' हे शब्द काट मारून वर लिहिलं: 'डॉट देणे'. आणि खाली, 'डॅश वर्ज्य'.

मी मात्र एका गोष्टीनं हुरळून गेले होते. फोनच्या कीबोर्डात, म्हणजे `Gboard` मध्ये, इंग्रजी भाषा निवडली की एक `Morse code` नावाचा पर्यायही असतो. हातांनी टाइप करणं जमत नाही अशा लोकांसाठी २०१८ मध्ये आणलेला. पडद्यावर फक्त दोन मोठी बटणं, एक डॉट, एक डॅश. मला वाटलं, आता बघा. डोळ्यांपुढं सगळा प्रसंग उभा: अण्णांचे डोळे भरून येतील, मी व्हिडिओ काढीन.

अण्णांनी चष्मा लावला, दोन्ही बटणं बघितली, डॉट आणि डॅश मारून एक शब्द लिहिला आणि फोन खाली ठेवला.

"हे मोर्स नाही."

"कामून?"

"दोन बटणं कशाला? की एकच असते. किती वेळ दाबलं त्यावर अक्षर ठरतं. दोन बटणं म्हणजे वेळ गेलाच की त्याच्यातून. वेळ गेल्यावर मोर्समध्ये राहिलं काय?"

शिवाय अक्षर संपलं की तो जरा थांबून मगच उमटवायचा. ते थांबणं कमी करता येतं, पण अण्णांचा रस संपला होता. दुपारभर त्यांनी त्याच्यावर भावाला दोन-तीन इंग्रजी ओळी पाठवल्या, भावाला काही कळलं नाही आणि त्यानं मला फोन केला. मराठी त्यात नाहीच. संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "मराठीत बोटानं लिहिलेलं कळतं का ह्याला?" कळतं. मराठी हस्तलेखनाचा कीबोर्ड घातला. पडद्यावर बोटानं अक्षर गिरवायचं, वर छापील शब्द येतो. मोत्यासारखं अक्षर असलेल्या माणसाला अजून काय पाहिजे. तो त्यांना दहा मिनिटांत जमला. मी जे मोठं नजराण्यासारखं पुढं केलं ते बाजूला पडलं.

लिहायला लागले तशी त्यांची जुनी खोड वर आली. तारेत शब्दाला पैसे पडायचे, पत्त्यातले शब्दसुद्धा मोजले जायचे. माणसं फॉर्मवर लांबलचक लिहून आणायची आणि अण्णा खिडकीतून एकेक शब्द काढून द्यायचे, पैसे वाचावेत म्हणून. दिवाळी, लग्न, बारसं ह्यांच्या शुभेच्छांना तर ठरलेले आकडेच होते. आकडा पाठवला की पलीकडचा माणूस पूर्ण वाक्य लिहून पोचवायचा. आमच्या भावकीच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांची, सूर्याची, गणपतीची पंचवीस-तीस चित्रं पडतात. अण्णांनी दोन दिवस ती बघितली आणि म्हणाले, "ह्यांना आकडे देऊन टाका की. एक नंबर, शुभ सकाळ. मोकळं."

मी हसले. मग मी सहज विचारलं, सगळ्यात छोटी तार कुठली पाठवली? बराच वेळ ते स्पंजावर बोट टेकवत राहिले. मग म्हणाले, "किल्लारीच्या वेळी."

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावं झोपली होती, पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. मी तेव्हा सातवीत होते. अण्णा त्यानंतर कितीतरी दिवस घरी फक्त आंघोळीला येत, हे मला आठवतं. त्यांनी एवढंच सांगितलं, की खिडकीबाहेर रांग मोडत नव्हती आणि जो तो फॉर्म पुढं करत होता त्यावर पत्ता सोडला तर एकच शब्द असायचा. 'सुखरूप.' खेड्यातला माणूस असंल तर त्याला लिहिताही येत नसायचं, अण्णाच लिहायचे. "आन् काही जण नुसते उभे राहायचे," म्हणाले. "फॉर्म घ्यायचे, लिहायचे नाहीत. परत द्यायचे." पुढं मी विचारलं नाही.

दाखल्याचं काम राहिलंच होतं. ते एका सकाळी उरकलं. दोन ॲप लागतात, `Jeevan Pramaan` आणि चेहरा ओळखणारं `AadhaarFaceRD`. दोन्ही सरकारी, फुकट. आधी दाखला काढून देणाऱ्याची ओळख पटवायची, म्हणजे माझा आधार क्रमांक, मोबाइलवर आलेला ओटीपी, आणि माझा चेहरा. मग अण्णांचा आधार, त्यांचा ओटीपी, पेन्शनचा प्रकार, कोण देतं, पीपीओ क्रमांक, खातं क्रमांक. पीपीओ अण्णांना तोंडपाठ. एका ठिकाणी विचारतात, पुन्हा नोकरी केली आहे का, पुनर्विवाह केला आहे का.

"मला विचारा की ते," आई आतून म्हणाली.

चेहरा मात्र दोनदा फसला. अण्णा नेहमीच्या खुर्चीत, पाठीमागं उघडं दार, दारातून नोव्हेंबरचं ऊन. फोनला काळी सावली आणि भोवती उजेड एवढंच दिसत असणार. खुर्ची फिरवून त्यांना अंगणाकडं तोंड करून बसवलं, चष्मा काढायला लावला, फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला धरला. पडद्यावर गोल आला. आता पापणी मिटून उघडायची, फोटो नसून जिता माणूस आहे हे कळण्यासाठी. अण्णांनी डोळे मिटले आणि मिटूनच ठेवले. आज्ञा मिळेपर्यंत.

"अण्णा, डॅश नाही," मी म्हणाले. "डॉट."

डॉट झाला. जरा वेळानं मोबाइलवर मेसेज आला, त्यात दाखल्याचा क्रमांक. अण्णांनी तो वहीत उतरवून घेतला, तारीख घातली, आणि उजव्या हाताच्या तर्जनीकडं एकदा बघितलं. ह्यात तिचं काहीच काम पडलं नव्हतं.

पैशांचं ॲप मी घातलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. पुढच्या सुट्टीत बघू.

निघायच्या दिवशी अण्णा स्टँडवर आले. मी बसले, बस हलली, ते खांबाला टेकून उभे होते आणि त्यांचं बोट खांबावर वाजताना दिसत होतं. काय ते मला वाचता येत नाही, कधी शिकलेच नाही. संभाजीनगरला पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. दार उघडलं, पिशव्या ठेवल्या आणि आधी मेसेज केला: "अण्णा, मी घरी नीट पोचले, बस वेळेवर होती, जेवून झोपते आता."

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. जागेच होते. मग बराच वेळ वर 'टाइप करत आहे' असं दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसलं. मी तोवर खिचडी लावली. कुकरची दुसरी शिट्टी झाली तेव्हा उत्तर आलं.

"११ शब्द. २ पुरले असते."